बोर्डाचे दोन फोटो आणि एक स्लाइड डेक: प्लॅनिंगच्या मीटिंगची मिनिट्स कारणांसकट मागाहून कशी लिहायची

मीटिंगमध्ये कुणीच नोट्स घेतल्या नाहीत आणि आता हाताशी फक्त व्हाइटबोर्डचे फोटो आणि दाखवलेल्या स्लाइड्स आहेत, अशा वेळी पहिला मोह होतो तो बोर्डावर दिसतं ते टाइप करून पाठवून द्यायचा. त्यातून कामांची यादी मिळते. पण दीड महिन्यानं कुणी विचारलं, "हे आपण पुढे का ढकललं होतं?", तर त्या यादीत उत्तर नसतं. आणि कारण माहीत नसलं की निर्णय कधी बदलायचा हेही ठरवता येत नाही.

कारणं बहुतेक वेळा बोर्डावर लिहिलेली नसतात. तरी ती सापडतात, कारण डेक म्हणजे मीटिंगला येतानाचा प्रस्ताव आणि बोर्डाचा शेवटचा फोटो म्हणजे उठतानाची स्थिती. या दोहोंत जिथे जिथे फरक पडला, तिथे कुणीतरी काहीतरी बोललं होतं. मिनिट्स लिहिणाऱ्यानं आधी हे फरक शोधायचे आणि मग प्रत्येक फरकाचं कारण त्या खोलीतल्या माणसांकडून मिळवायचं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. पुण्यातली एक छोटी टीम दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. जूनच्या अखेरीला दुपारी तीन ते पाच, जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं प्लॅनिंग झालं. डेकमधल्या सहाव्या स्लाइडवर प्रस्ताव होता: जुलैत एसएमएसनं अपॉइंटमेंटची आठवण, ऑगस्टमध्ये तीच आठवण व्हॉट्सॲपवर, सप्टेंबरमध्ये संपूर्ण ॲप मराठीत. अकराव्या स्लाइडवर माणसं होती: तीन डेव्हलपर, दोन टेस्टर. बोर्डाचे दोन फोटो आहेत, एक साधारण सव्वातीनचा आणि एक पावणेपाचचा.

आधी मूळ फोटो आणि त्या दिवशीचा डेक मिळवा

फोटो बहुधा टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेले असतात. ते वापरू नका. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, त्यामुळे पुसट अक्षरं जातात, आणि फोटो कधी काढला ही आतली नोंदही काढून टाकतं. फाइलच्या नावात तारीख दिसते, पण ती फोटो काढल्याची असेलच असं नाही. ज्यानं फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरूनच हवी असेल तर "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा. ग्रुपवर न टाकलेले फोटोही विचारा. बोर्ड पुसायच्या आधी सवयीनं एक फोटो काढून ठेवणारा कुणीतरी असतोच, आणि मधल्या वेळेचा असा एक फोटो शेवटच्या चार चकचकीत फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

मग फोटो वेळेच्या क्रमानं लावा. कॉम्प्युटरवर फोटोची आतली नोंद वाचणारं exiftool असेल तर एका ओळीत यादी मिळते:

```
exiftool -T -DateTimeOriginal -FileName -fileOrder DateTimeOriginal *.jpg
```

नसेल तर फोनच्या गॅलरीत फोटोच्या तपशिलात वेळ दिसते. फाइलच्या नावावरून वेळ काढत असाल तर जपून. पिक्सेल फोनच्या PXL_ ने सुरू होणाऱ्या नावातली वेळ जागतिक वेळेनुसार असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नावात 0942 दिसलं तर फोटो दुपारी ३ वाजून १२ मिनिटांचा आहे. हे लक्षात आलं नाही तर क्रम उलटा लागतो आणि खोडलेली गोष्ट नंतर लिहिलेली वाटते.

डेकचंही तसंच. मीटिंगनंतर कुणीतरी स्लाइड्स "अपडेट" करून ठेवतं आणि तुम्हाला लिंकवर दिसतो तो सुधारलेला डेक. त्याच्याशी बोर्ड ताडून पाहिला तर फरकच सापडत नाहीत. गुगल स्लाइड्समध्ये File > Version history > See version history मधून मीटिंग सुरू होण्याआधीची शेवटची आवृत्ती उघडा. त्यासाठी एडिटचा ॲक्सेस लागतो; फक्त पाहण्याचा असेल तर हा इतिहास दिसत नाही. ती आवृत्ती पीडीएफ करून मूळ फोटोंशेजारी ठेवा, नावात तारीख घाला. वगळलेल्या स्लाइड्स, वक्त्याच्या नोट्स आणि मिटवलेल्या कॉमेंट्स पीडीएफमध्ये सहसा येत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या वाचा. न दाखवलेल्या स्लाइडवर अनेकदा नाकारलेला पर्याय असतो, आणि तो का नाकारला हे कॉमेंटमध्ये.

बोर्ड जसा आहे तसा उतरवा, अर्थ अजून लावू नका

प्रत्येक फोटोचं वेगळं लेखन करा. जागेसकट लिहा: डावीकडचा रकाना, वरून तिसरी ओळ, चौकटीत, बाणाच्या टोकाशी. खोडलेलं असेल तर "खोडलेलं" असं लिहून शब्दही लिहा. लागत नसेल तर "अवाच्य, चार-पाच अक्षरं" एवढंच. आपल्या उदाहरणात पहिल्या फोटोचं लेखन असं होईल: जुलैच्या रकान्यात "एसएमएस", त्याभोवती गोल, शेजारी "डीएलटी?", गोलापासून ऑगस्टकडे बाण; ऑगस्टमध्ये "व्हॉट्सॲप"; सप्टेंबरमध्ये "मराठी". दुसऱ्या फोटोत: जुलैत "मराठी (फक्त पेशंट)", ऑगस्टमध्ये "एसएमएस", त्याखाली "व्हॉट्सॲप" खोडलेलं, उजव्या कोपऱ्यात "पार्किंग" नावाच्या चौकटीत "व्हॉट्सॲप, रु./मेसेज?"; सगळ्यात खाली "क्यूए १ → १५ ऑ".

पुसलेल्या जागाही बघा. मार्करची शाई बऱ्याच बोर्डांवर पूर्ण जात नाही, फिकट छाया राहते. फोटोच्या प्रतीत कॉन्ट्रास्ट वाढवून, प्रखर भाग कमी करून ती कधी कधी वाचता येते. मात्र ती छाया आधीच्या आठवड्यातल्या दुसऱ्याच मीटिंगची असू शकते. ती यात धरायची की नाही याची कसोटी सोपी आहे: ती अक्षरं तुमच्याच एखाद्या आधीच्या फोटोत ठळक दिसत असतील किंवा डेकमधल्या शब्दांशी जुळत असतील तर धरा, नाहीतर सोडून द्या.

रंगांना अर्थ चिकटवू नका. लाल म्हणजे तातडीचं असं बोर्डावर कुठे लिहिलं असेल तर ठीक. एरवी लाल म्हणजे हाताशी लागलेला मार्कर. बरोबरची खूण "मान्य" असेल, "यावर बोलून झालं" असेल किंवा "आधीच झालंय" असेल. ओळीशेजारच्या नावाच्या आद्याक्षराचंही तसंच: काम करणारा, सुचवणारा किंवा "याला विचारा" यांपैकी काहीही. या तीन गोष्टींवर मिनिट्समध्ये सर्वांत जास्त भांडणं होतात, म्हणून त्या आत्ता फक्त उतरवायच्या आणि प्रश्नांच्या यादीत टाकायच्या.

फरक मांडा

आता एक तक्ता करा. डावीकडे डेकमधला प्रस्ताव, मध्ये पहिला फोटो, उजवीकडे शेवटचा फोटो. एका ओळीत एकच गोष्ट. जिथे तिन्ही रकाने सारखे आहेत तिथे फार वेळ घालवू नका; प्रस्ताव जसाच्या तसा मान्य झाला आणि त्याचं कारण स्लाइडवरच असेल. जिथे काही सरकलं, आकसलं, खोडलं गेलं किंवा नवीन आलं, तिथे खूण करा.

आपल्या उदाहरणात चार फरक निघतात. एसएमएस जुलैतून ऑगस्टमध्ये गेला. मराठी सप्टेंबरमधून जुलैत आली. मराठीचा आवाका संपूर्ण ॲपवरून फक्त पेशंटच्या बाजूवर आला. व्हॉट्सॲप तिमाहीतून बाहेर पडलं. आणि पाचवी गोष्ट, जी फरकासारखी दिसत नाही पण आहे: "क्यूए १ → १५ ऑ". घाईत वाचलं तर हे "टेस्टिंगची पहिली फेरी १५ ऑगस्टपर्यंत" असं वाटतं, आणि मिनिट्समध्ये एक न ठरलेली मुदत येऊन बसते. पण अकराव्या स्लाइडवर टेस्टर दोन होते. तिथला आकडा आणि बोर्डावरचा १ शेजारी ठेवले की दुसरा अर्थ पुढे येतो: १५ ऑगस्टपर्यंत टेस्टर एकच आहे. मग ही मुदत राहत नाही, अडचण होते, आणि बाकीच्या फरकांपैकी एखाद्याचं कारणही. कुठला अर्थ खरा हे तक्ता सांगत नाही. पण काय विचारायचं हे त्याच्यामुळे कळतं, आणि अशा आकड्यांसाठीच डेकमधली कंटाळवाणी वाटणारी माणसांची स्लाइडही बोर्डाशी ताडून बघायची.

आता प्रत्येक फरकासमोर तुमचा अंदाज लिहा, पण तो स्वतःपुरता ठेवा. एसएमएससाठी अंदाज भक्कम आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला आपला सेंडर आयडी आणि मेसेजचा मजकूर डीएलटी प्लॅटफॉर्मवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नोंद नसलेला मेसेज अडवला जातो. बोर्डावर एसएमएसला गोल, शेजारी "डीएलटी?" आणि ऑगस्टकडे बाण, म्हणजे मंजुरी जुलैत मिळेल याची खात्री नव्हती. मराठी पुढे आली ती जुलै मोकळा झाला म्हणून आणि तिला बाहेरच्या कुणाची मंजुरी लागत नाही म्हणून, असं दिसतं. पण "फक्त पेशंट" का? याचं उत्तर ना बोर्डावर आहे ना स्लाइडवर.

माणसांना विचारा, पण अंदाज न दाखवता

"मराठी जुलैत का आणली?" असा प्रश्न विचारला की माणूस आत्ता सुचणारं सर्वांत शहाणं कारण सांगतो. तो खोटं बोलत नसतो. निर्णय झाल्यावर त्याला शोभेसं कारण मनात आपोआप तयार होतं. म्हणून "का" टाळा आणि त्या क्षणाबद्दल विचारा. फोटोचा तेवढाच तुकडा पाठवा आणि लिहा: "सहाव्या स्लाइडवर संपूर्ण ॲप मराठीत होतं. पावणेपाचच्या फोटोत 'फक्त पेशंट' आहे. हा कंस लिहिला तेव्हा काय बोलणं चाललं होतं? कुणी सुचवलं?" अशा प्रश्नाला माणूस आठवून उत्तर देतो.

ग्रुपवर विचारू नका. पहिलं उत्तर आलं की बाकीचे अंगठा दाखवतात आणि तुमच्याकडे चार साक्षीदारांऐवजी एकच उरतो. वेगवेगळं विचारा, आणि प्रत्येक मोठ्या फरकासाठी निदान दोघांना: ज्याचा प्रस्ताव बदलला तो आणि ज्यानं बदलायला लावला तो. प्रस्ताव बदललेल्या माणसाला कारण सहसा नेमकं आठवतं, कारण ते त्याला पटलेलं नसतं. शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी विचारा. मध्ये एक शनिवार-रविवार गेला की "बहुतेक" आणि "असंच काहीतरी" सुरू होतं.

उदाहरणात दोन उत्तरं आली. टेस्टिंग बघणारी म्हणाली, डॉक्टरांच्या बाजूला फॉर्म पुष्कळ आहेत, १५ ऑगस्टपर्यंत टेस्टर एकच आहे, एवढं तपासून होणार नाही म्हणून ती बाजू काढली. दवाखान्यांशी बोलणारा म्हणाला, डॉक्टर आणि रिसेप्शनवाले इंग्रजी स्क्रीनलाच सरावलेत, त्यांना मराठी नकोय, म्हणून काढली.

इथे थांबायला हवं. दोन्ही कारणांतून निर्णय एकच निघतो, पण पुढे ती दोन दिशांना जातात. टेस्टरचं कारण खरं असेल तर १६ ऑगस्टला डॉक्टरांची बाजू पुन्हा विचारात घ्यायची. दुसरं खरं असेल तर ती बाजू सोडून द्यायची. मिनिट्समध्ये यांपैकी तुम्हाला पटलेलं एकच लिहिलंत तर तो निर्णय तुम्ही केलात, टीमनं नाही. मीटिंग चालवणाऱ्याला दोन्ही म्हणणी सांगून विचारा. त्याचं उत्तर "दोन्ही बोलणी झाली, पण कंस टेस्टरच्या मुद्द्यावर लिहिला" असं मिळालं तर क्रम लागला. त्यालाही सांगता येत नसेल तर दोन्ही कारणं कुणी सांगितली यासह शेजारी शेजारी लिहा.

आणखी एक गोष्ट जपा. टेस्टर का कमी आहे याचं कारण कुणाची रजा, आजारपण किंवा नोकरी सोडणं असू शकतं. मिनिट्सना त्याच्याशी देणंघेणं नाही. "एकच टेस्टर उपलब्ध" पुरेसं आहे.

लिहिताना प्रत्येक विधानाला उगम द्या

सॉफ्टवेअरवाल्यांना २०११ मध्ये मायकेल नायगार्ड यांनी सुचवलेला निर्णयनोंदीचा छोटा साचा ओळखीचा असेल: स्थिती, पार्श्वभूमी, निर्णय, परिणाम. मागाहून उभ्या केलेल्या मिनिट्ससाठी त्यात तीन गोष्टींची भर घालावी असं मला वाटतं: नाकारलेला पर्याय, निर्णय पुन्हा कधी उघडायचा, आणि प्रत्येक वाक्य कुठून आलं. उगमासाठी चार खुणा पुरतात: बोर्ड, स्लाइड, सांगितलेलं, अंदाज. आपल्या उदाहरणातली एक नोंद अशी दिसेल:

निर्णय: जुलैत ॲपची फक्त पेशंटची बाजू मराठीत करायची. (बोर्ड, दुसरा फोटो)
आधीचा प्रस्ताव: सप्टेंबरमध्ये संपूर्ण ॲप मराठीत. (स्लाइड ६)
जुलैत का: एसएमएसचं काम डीएलटी मंजुरीसाठी ऑगस्टमध्ये गेल्यानं जुलै मोकळा झाला (बोर्ड, पहिला फोटो, दोघांनी सांगितलेलं). मराठीच्या कामाला बाहेरची मंजुरी लागत नाही (अंदाज).
फक्त पेशंटची बाजू का: १५ ऑगस्टपर्यंत एकच टेस्टर उपलब्ध (बोर्ड, सांगितलेलं). दवाखान्यातले लोक इंग्रजीला सरावलेत हेही बोललं गेलं (एकानं सांगितलेलं).
पुन्हा कधी बघायचं: १६ ऑगस्टनंतर, दुसरा टेस्टर आल्यावर. (सांगितलेलं)

"अंदाज" ही खूण लिहायला संकोच वाटतो, पण वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच थांबते आणि दुरुस्ती येते. खूण नसलेला अंदाज मात्र महिन्याभरात वस्तुस्थिती म्हणून फिरू लागतो.

व्हॉट्सॲपची नोंद लिहिताना क्रियापदाकडे लक्ष द्या. ते खोडलेलं आहे म्हणून "व्हॉट्सॲप रद्द" असं लिहिलं जातं. पण तेच शब्द पार्किंगच्या, म्हणजे नंतर बघायच्या गोष्टींच्या चौकटीत आहेत, शेजारी प्रश्नचिन्हासकट. म्हणजे या तिमाहीत नाही एवढं ठरलं. करायचं की नाही हे ठरलेलं नाही, कारण एका मेसेजला किती पैसे पडतील हे खोलीत कुणाला माहीत नव्हतं. ही नोंद निर्णयांत न घालता "न ठरलेल्या गोष्टी" खाली घाला आणि त्यासमोर एकच प्रश्न लिहा: दर कोण काढणार? उत्तर मिळालं नाही तर "कुणी घेतलेलं नाही" असं लिहा. बोर्डावर शेजारी आद्याक्षर होतं म्हणून कुणाच्या गळ्यात काम घालू नका.

एखाद्या फरकाचं कारण कुणालाच आठवलं नाही तर "कारण नोंदलेलं नाही" हे तीन शब्द लिहून पुढे जा.

पाठवणं आणि दुरुस्ती

मसुदा पाठवताना वर स्पष्ट लिहा की ही मिनिट्स फोटो, स्लाइड्स आणि नंतरच्या विचारपूशीवरून तयार केली आहेत, आणि कुणाशी बोललात ते सांगा. दुरुस्तीसाठी दिवस ठरवून द्या. दोन-तीन कामाचे दिवस पुरतात. गप्प राहणं म्हणजे मान्य, हा नियम निर्णयांपुरता ठीक आहे. अंदाजाची खूण असलेल्या कारणांना तो लावू नका. ती कुणी उघडपणे दुजोरा देईपर्यंत अंदाजच राहतात. ज्या माणसाचा प्रस्ताव बाजूला पडला, त्याला मसुद्यातली तेवढी नोंद आधी वेगळी दाखवा. आपलं म्हणणं नीट मांडलं गेलंय असं त्याला वाटलं, तर पुढच्या मीटिंगमध्ये तोच विषय पहिल्यापासून उकरला जात नाही.

ही पद्धत कामाच्या बैठकांसाठी आहे. कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभेला ती चालत नाही. तिथे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ नुसार सभा संपल्यापासून ३० दिवसांत इतिवृत्त नोंदवहीत यावं लागतं, त्याच कलमानं पाळायला लावलेल्या सेक्रेटरियल स्टँडर्ड-१ नुसार मसुदा संचालकांकडे १५ दिवसांत जावा लागतो, आणि ते काम कंपनी सेक्रेटरीचं, सेक्रेटरी नसेल तर मंडळानं किंवा अध्यक्षानं नेमलेल्या माणसाचं आहे.

अंतिम प्रत, मूळ फोटो, त्या दिवशीच्या डेकची पीडीएफ आणि फरकांचा तक्ता एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नंतर कुणी म्हणालं, "नाही, असं ठरलं नव्हतं", तर जुनी ओळ पुसू नका. तिच्याखाली तारीख घालून नवीन ओळ लिहा आणि ती कुणाच्या सांगण्यावरून आली ते लिहा. १६ ऑगस्टच्या नावानं टीमच्या कॅलेंडरवर एक नोंद टाका, आणि त्यात मराठीच्या त्या नोंदीची लिंक द्या.